‘रुग्णालयात नेण्यापूर्वीच मृत्यू’ : बीएलएस कोर्सला जायच्या आधी घरी काय करायचं

मंडळी, आमच्या धंद्यात काही वाक्यं तयारच असतात. ‘रुग्णालयात नेण्यापूर्वीच त्यांचा मृत्यू झाला’ हे त्यातलं एक. वीसेक वर्षांत मी ते किती वेळा लिहिलं असेल, मोजलेलं नाही. माणूस कोसळला तो क्षण आणि डॉक्टरांनी मृत घोषित केलं तो क्षण, यांच्या मधली पंधरा-वीस मिनिटं त्या एका वाक्यात झाकली जातात. त्या वेळात आजूबाजूच्या माणसांनी काय केलं, हे कुणी छापत नाही. डेस्कवाला विचारत नाही आणि वाचकही विचारत नाही.

गेल्या उन्हाळ्यात आपल्या आठवडी बाजारात एक गृहस्थ बसल्या जागी कोसळले. कुणी तोंडावर पाणी मारलं, कुणी कांदा फोडून नाकाला लावला, एकाने चप्पल हुंगवली. 108 ला फोन लागला होता, तेवढं बरं झालं. पण गाडी येईपर्यंत सगळे एकमेकांना सांगत होते, ‘श्वास चालू आहे, श्वास चालू आहे.’ मी नंतर चार-पाच जणांकडून ऐकलं त्यावरून तो श्वास नव्हता. थोड्या थोड्या वेळाने तोंड उघडून घशातून घरघर यायची, मासा पाण्याबाहेर काढल्यावर तोंड वासतो तशी. हृदय बंद पडल्यावर पहिली काही मिनिटं असं होऊ शकतं. त्याला श्वास धरायचं नसतं, ती सुरुवात करायची खूण असते. हे तिथे उभ्या असलेल्या शंभरेक माणसांत कुणाला माहीत नव्हतं.

त्यानंतर मी बीएलएसचा, म्हणजे बेसिक लाइफ सपोर्टचा कोर्स केला. तो पोस्ट केल्यापासून फोन चालू आहेत. शेजारची मुलगी जीएनएमच्या शेवटच्या वर्षाला आहे, तिला नोकरीच्या ठिकाणी कार्ड लागणार आहे. जिम चालवणारा एक मित्र आहे. एक लॅब टेक्निशियन आहे. पुढच्या महिन्यात तिघेही कोर्सला बसतायत आणि तिघांचा प्रश्न एकच: ‘तयारी कशी करायची?’ म्हणून हे लिहितोय. लांबलं आहे, सेव्ह करून ठेवा.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. बीएलएस हा मुळात डॉक्टर, नर्स, अँब्युलन्सवरचे कर्मचारी यांच्यासाठीचा कोर्स आहे. अमेरिकन हार्ट असोसिएशनचा अभ्यासक्रम आपल्याकडे सगळ्यात जास्त चालतो. त्याचं कार्ड दोन वर्षं टिकतं. तुम्ही आरोग्य क्षेत्रात नसाल आणि फक्त रस्त्यावर कुणी पडलं तर काय करायचं एवढंच शिकायचं असेल, तर इंडियन रिससिटेशन कौन्सिल फेडरेशनने सामान्य माणसासाठी फक्त छाती दाबण्याची पद्धत बसवली आहे, कॉल्स म्हणतात तिला. तोंडाने श्वास देणं त्यात नाही. अनोळखी माणसाच्या तोंडाला तोंड लावायच्या विचारानेच लोक मागे सरतात आणि मग काहीच करत नाहीत, त्यापेक्षा हे फार बरं.

मग श्वास शिकायचा तरी कशाला? आपल्या तालुक्यात विहिरी किती, शेततळी किती, हे तुम्हाला सांगायला नको. दर उन्हाळ्यात पोरं बुडतात, विसर्जनाला बुडतात. बाजारात हृदय बंद पडून कोसळलेल्या माणसाच्या रक्तात थोडा वेळ तरी प्राणवायू शिल्लक असतो. बुडालेल्याच्या रक्तातला प्राणवायू आधीच संपलेला असतो. नुसती छाती दाबून तेच रिकामं रक्त फिरत राहतं. लहान मुलांचंही बहुतेकदा तसंच, आधी श्वास अडतो आणि मग हृदय थांबतं. म्हणून मी पूर्ण कोर्स केला.

लेखी परीक्षेची फार धास्ती घेऊ नका. पंचवीस प्रश्न असतात, 84 टक्के लागतात, म्हणजे एकवीस बरोबर आले पाहिजेत. पुस्तक दोनदा नीट वाचलं की येतात. फक्त पुस्तक चालू आवृत्तीचं आहे ना, तेवढं केंद्रावर विचारून घ्या. कुणाच्या तरी दादाने दहा वर्षांपूर्वी वापरलेलं घेऊन बसू नका. माणसं अडतात ती हाताच्या परीक्षेत, मॅनिकिनवर. आमच्या बॅचला एका मॅनिकिनवर सहा जण होतो. प्रत्येकाच्या वाट्याला दिवसभरात मिळून जेमतेम काही मिनिटं आली. ती मिनिटं हात कुठे ठेवायचा आणि कसं बसायचं हे समजून घेण्यात घालवली, तर खरं शिकायचं राहून जातं. ते घरी करून जायचं.

छाती दाबणं

पहिला नियम: जिवंत, शुद्धीवर असलेल्या माणसाच्या छातीवर सराव करायचा नाही. भावावर नाही, मित्रावर नाही, ‘हळूच करतो’ म्हणूनही नाही. बरगडी मोडते, धडधडणाऱ्या हृदयाला इजा होऊ शकते.

आपल्या घरात त्यासाठी गोधडी आहे. दोन जाड गोधड्या घट्ट गुंडाळा, सुतळीने तीन ठिकाणी बांधा, फरशीवर ठेवा. पलंगावर किंवा गादीवर नको. खालची गादीच दबते आणि आपल्याला वाटतं छाती दबली. खऱ्या प्रसंगातही हेच लक्षात ठेवायचं: माणूस मऊ अंथरुणावर किंवा बाजेवर असेल तर जमिनीवर घ्यायचा.

गुंडाळीच्या बाजूला गुडघे टेकून बसा, अगदी चिकटून. गुडघ्यांत खांद्याएवढं अंतर ठेवा. एका तळहाताची टाच, म्हणजे मनगटाजवळचा जाड भाग, छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर येते असं धरा. दुसरा हात त्यावर, बोटं एकमेकांत अडकवून वर उचललेली. बोटं बरगड्यांवर टेकवायची नाहीत. कोपर सरळ. खांदे हाताच्या बरोब्बर वर. आणि मग दाबायचं ते कमरेपासून, अंगाच्या वजनाने.

इथेच जिमवाल्या मित्राची गंमत झाली. दंड बघितले तर वाटावं हा माणूस छाती जमिनीला टेकवेल. पण तो मागे बसून, कोपर वाकवून, दंडाच्या जोराने दाबत होता. चाळीस सेकंदांत घाम आणि एका मिनिटात हात थरथरायला लागले. शेजारची मुलगी अंगाने काडी, पण खांदे हातांच्या वर आणून नुसती झुलत होती, तिचं दोन मिनिटं व्यवस्थित झालं. ती त्याला म्हणाली, ‘दादा, बेंच प्रेस नाहीये हा. वरून या.’

किती खोल? मोठ्या माणसाला किमान पाच सेंटिमीटर, सहाच्या वर नाही. गोधडी म्हणजे छाती नव्हे, त्यामुळे किती जोर लागतो हे ती सांगणार नाही. ते मॅनिकिनवरच कळतं. पण पाच सेंटिमीटर डोळ्याला कसे दिसतात हे घरी कळू शकतं. पोरांच्या दप्तरातली फूटपट्टी गुंडाळीला टेकवून उभी करा आणि मोबाइल बाजूने ठेवून व्हिडिओ काढा. मनगट किती खाली जातंय ते थांबवून थांबवून बघा. बहुतेकांचं सुरुवातीला बरोबर असतं आणि दमायला लागलं की तीन-साडेतीनवर येतं. गंमत म्हणजे करणाऱ्याला ते अजिबात जाणवत नाही, त्याला वाटतं आपण तेवढंच दाबतोय. म्हणूनच दर दोन मिनिटांनी माणूस बदलायचा नियम आहे. दमल्यावर नाही, घड्याळ बघून बदलायचा.

आता यातली सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट. दाबणं सगळ्यांना आठवतं, सोडणं आठवत नाही. दाबल्यावर हृदयातलं रक्त बाहेर फेकलं जातं. छाती पूर्ण वर आली की हृदयात परत रक्त भरतं. तुम्ही वर येताना हातावर थोडं वजन ठेवून टेकून राहिलात तर हृदय अर्धवटच भरतं, आणि पुढच्या दाबात फेकायला रक्तच नसतं. हापशाचा दांडा अर्धाच वर नेला तर पाणी किती येईल, तसं. दमलेला माणूस हमखास टेकतो, कारण टेकल्याने त्याला आराम मिळतो.

हे ओळखायला मी एक साधी युक्ती काढली. तळहाताच्या टाचेखाली वर्तमानपत्राची एक पट्टी ठेवायची, तिचं टोक दुसऱ्याने धरायचं. तुम्ही वर आलात की त्याने ती ओढून बघायची. सहज सरकली तर वजन पूर्ण उचललं आहे. अडकली किंवा फाटली, तर तुम्ही टेकताय. हात मात्र छातीवरून सुटला नाही पाहिजे, नुसता स्पर्श राहिला पाहिजे. हात उचलला की पुढच्या वेळी जागा चुकते. जुने अंक घरात पडलेलेच असतात, आमचेच वापरा.

वेग मिनिटाला 100 ते 120. मोबाइलवर मेट्रोनोमचं फुकट ॲप मिळतं, ते 110 वर लावा. जिमवाल्याचे पहिले तीस दाब तेरा सेकंदांत झाले, म्हणजे मिनिटाला 138 चा वेग. भराभर केलं म्हणजे चांगलं केलं असं वाटतं, पण 120 च्या पुढे गेलं की खोली कमी होते आणि छातीला वर यायला वेळच राहत नाही. 110 ला तीस दाब साधारण सोळा सेकंदांत होतात, हा आकडा डोक्यात ठेवा.

मोजण्याबद्दल एक खास आपला प्रश्न. प्रत्येक दाबाला अर्ध्या सेकंदाहून जरा जास्त वेळ मिळतो. एक, दोन, तीन बसतात त्यात. पण ‘एकोणीस’, ‘चोवीस’, ‘अठ्ठावीस’ म्हणेपर्यंत जीभ मागे पडते आणि जिभेबरोबर हातही मंदावतात. आमच्या बॅचमध्ये मराठीत मोजणारा प्रत्येक जण विशीनंतर हळू व्हायचा. उपाय सोपा आहे: एक ते दहा असं तीनदा मोजा. तिसऱ्या दहातले शेवटचे पाच मोठ्याने म्हणा, म्हणजे श्वास देणारा जोडीदार तयार राहतो.

श्वास देणं

इथे तुमच्याकडे दोन साधनांपैकी एक असतं. एकटे असाल तर पॉकेट मास्क, दोघे असाल तर अँबू बॅग. एकट्याने अँबू बॅग वापरायच्या फंदात पडू नये. मास्क धरायचा, मान मागे ठेवायची, बॅग दाबायची आणि परत छातीकडे यायचं, यात वेळ जातो आणि बहुतेकदा हवा बाजूनेच निघून जाते.

दोघे असताना एक जण छातीपाशी, दुसरा डोक्यामागे. मास्कचा निमुळता भाग नाकावर, रुंद भाग हनुवटीवर. एका हाताचा अंगठा आणि तर्जनी मास्कवर इंग्रजी सी अक्षरासारखी, उरलेली तीन बोटं जबड्याच्या हाडाखाली ई सारखी. या तीन बोटांनी जबडा वर मास्ककडे ओढायचा. मास्क खाली चेहऱ्यावर दाबायचा नाही. सगळे नेमकं उलटं करतात. मास्क खाली दाबला की हनुवटी छातीकडे जाते, जीभ मागे पडते आणि वाट बंद होते. हाड सोडून हनुवटीखालच्या मऊ भागात बोटं रुतवली तरी तेच.

हे घरी जिवंत माणसावर करता येतं, फक्त बॅग न जोडता. घरातल्या कुणाला तरी फरशीवर आडवं करा, नुसता मास्क ठेवा, पकड घ्या, मान मागे करा, जबडा उचला. मास्कची कड गालाला सगळीकडून टेकली आहे का, हे तोच सांगेल. त्याने नेहमीसारखा श्वास घेत राहायचं आणि मास्कचं वरचं तोंड उघडंच ठेवायचं. मुलगी माझ्यावर सराव करत होती तेव्हा मी म्हटलं, ‘अगं, डाव्या गालाजवळून वारा लागतोय.’ तिने बोट अर्धा इंच सरकवलं आणि बसला मास्क. मॅनिकिन असं बोलत नाही.

आता हवा किती द्यायची? मोठ्या माणसाला साधारण अर्धा लिटर, फार तर सहाशे मिली. अँबू बॅग त्याच्या दुपटीहून मोठी असते, त्यामुळे पूर्ण पिळायचीच नाही. पण घाबरलेला माणूस दोन्ही हातांनी लिंबासारखी पिळतो. जास्तीची हवा फुप्फुसात मावत नाही, ती अन्ननलिकेतून पोटात जाते. पोट फुगतं, उलटी होते, ती उलटी श्वासनलिकेत जाते. शिवाय छातीत हवेचा दाब वाढला की हृदयाकडे परतणारं रक्त अडतं. म्हणजे छातीवरचा जोडीदार घाम गाळून जे कमावतोय ते तुम्ही इकडून घालवताय.

कुणाच्या ओळखीने अँबू बॅग एक दिवसासाठी मिळाली तर हा प्रयोग करा. अर्ध्या लिटरची दुधाची पिशवी धुऊन वाळवा, बॅगच्या मास्क लागतो त्या तोंडाला रबरबँडने घट्ट बांधा. मनात ‘एक हजार एक’ म्हणत, म्हणजे पूर्ण एक सेकंद घेऊन, एका हाताने दाबा. पिशवी भरली की थांबा. बॅग अजून केवढी शिल्लक राहिली बघा. हाताला एकदा ते माप कळलं की विसरत नाही. ही पिशवी म्हणजे फुप्फुस नाही, तिला ना बरगड्या ना अडथळा, एवढं लक्षात असू द्या. मॅनिकिनवर आणि माणसावर खरं माप एकच: छाती उचललेली दिसली की बस्स. दाबताना डोळे बॅगवर नकोत, छातीवर हवेत.

छाती उचललीच नाही तर? मान पुन्हा मागे करा, पकड सुधारा आणि दुसरा श्वास द्या. दोन प्रयत्न झाले की परत छातीवर. तिसरा, चौथा करत बसायचं नाही. का, ते पुढच्या हिशेबात दिसेल.

दोन मिनिटांचा हिशेब

तीस दाब, दोन श्वास, परत तीस. श्वासासाठी छाती दाबणं दहा सेकंदांपेक्षा जास्त थांबता कामा नये, असा नियम आहे. परीक्षक हे घड्याळावर बघतो. आम्ही रविवारी दोन जोड्या करून मोबाइलवर वेळ लावली.

पहिल्या जोडीचे तीस दाब सोळा सेकंदांत आणि श्वासाला पाच सेकंद. एक फेरी एकवीस सेकंदांची. दोन मिनिटांत पाच फेऱ्या पूर्ण आणि वर पंधरा सेकंद, म्हणजे आणखी अठ्ठावीस दाब. एकूण 178.

दुसऱ्या जोडीचेही तीस दाब सोळा सेकंदांतच, पण श्वासाला बारा सेकंद. मास्क बाजूला ठेवलेला होता, तो उचलायला तीन सेकंद गेले, एक श्वास बाजूने निघून गेला म्हणून तिसरा दिला, आणि छातीवरचा जोडीदार हात उचलून मांडीवर ठेवून बसला होता, त्याला जागा परत शोधावी लागली. फेरी अठ्ठावीस सेकंदांची. दोन मिनिटांत चार फेऱ्या आणि वर पंधरा दाब. एकूण 135.

दोन्ही जोड्यांचा हात तितकाच चांगला, वेग तोच. फरक 43 दाबांचा. वेळेत मोजलं तर पहिल्या जोडीने दोन मिनिटांपैकी 79 टक्के वेळ छाती दाबली, दुसरीने 60 टक्के. किमान 60 आणि शक्यतो 80 असा कोर्सचा दंडक आहे, म्हणजे दुसरी जोडी अगदी काठावर. आणि थांबण्याचं नुकसान नुसत्या वेळेत मोजून भागत नाही. हृदयाच्या स्वतःच्या रक्तवाहिन्यांत दाब तयार व्हायला एकामागून एक बरेच दाब द्यावे लागतात. थांबलात की तो लगेच पडतो आणि परत पहिल्यापासून चढवावा लागतो. प्रत्येक लांबलेल्या विश्रांतीनंतरचे पहिले काही दाब तो खड्डा भरण्यातच जातात.

दुसऱ्या जोडीने मग दोनच बदल केले. श्वास देणाऱ्याने मास्क कधीच खाली ठेवायचा नाही, दाब चालू असतानाच तो चेहऱ्यावर धरून, मान मागे करून तयार राहायचं. आणि छातीवरच्याने हात उचलायचे नाहीत, जागेवर नुसते टेकवून ठेवायचे, दुसऱ्या श्वासानंतर छाती खाली येईपर्यंत वाट न बघता लगेच सुरू. पुढच्या फेरीला सहा सेकंदांवर आले. ताकद तीच होती, वेळ इथून वाचला.

जोडीदार बदलतानाही हेच. नवा माणूस समोरच्या बाजूला गुडघ्यांवर तयार बसलेला हवा. श्वास चालू असताना बदला, पाच सेकंदांच्या आत.

नाडी

ही गोष्ट घरच्या माणसांवर बिनधास्त करता येते. गळ्याच्या मधल्या कडक नळीवर दोन बोटं ठेवा, आपल्या बाजूला घसरवा, नळी आणि मानेचा स्नायू यांच्यातल्या खाचेत मानेची नाडी लागते. एकाच बाजूची, हलक्या हाताने. अंगठ्याने नाही. बारीक, जाड, म्हातारा, तरुण अशा दहा माणसांची बघा, कारण मॅनिकिनच्या मानेत आणि सासऱ्यांच्या मानेत फार फरक आहे. नाडी बघत असतानाच नजर छातीवर, श्वास चालतोय का. दोन्ही मिळून किमान पाच आणि जास्तीत जास्त दहा सेकंद. दहा सेकंदांत खात्रीने लागली नाही तर ‘बहुतेक आहे वाटतं’ म्हणत थांबायचं नाही, छाती दाबायला लागायचं.

नाडी आहे पण श्वास नाही, असंही परीक्षेत येतं. सर्पदंशात, विषबाधेत खरंच असं होतं. तेव्हा छाती दाबायची नाही, मोठ्या माणसाला दर सहा सेकंदांनी एक श्वास द्यायचा आणि दोन मिनिटांनी नाडी परत बघायची. ऐकायला सोपं आहे, करायला कंटाळवाणं, आणि हात शिवशिवतात. दोन मिनिटं घड्याळ न बघता करून पाहा आणि जोडीदाराला मोजायला सांगा. बरोबर वीस आले पाहिजेत. मुलीचे पहिल्यांदा चौतीस आले होते. दोन श्वासांच्या मधली शांतता सहन होत नाही, हे तिचंच वाक्य. तिने मनात एक ते पाच मोजून सहाव्याला दाबायचं ठरवलं, मग एकवीसवर आली.

लहान बाळाचं वेगळं आहे: नाडी दंडाच्या आतल्या बाजूला, खोली साधारण चार सेंटिमीटर म्हणजे छातीच्या एक तृतीयांश, दोघे असाल तर दोन्ही अंगठ्यांनी आणि पंधरा दाबांना दोन श्वास. त्याची घरी फार खटपट करू नका. बाळाचा मॅनिकिन समोर असल्याशिवाय ते हातात बसत नाही. आकडे तेवढे पाठ करून जा. शॉक देण्याच्या मशिनचंही तसंच, एईडी स्वतः बोलून सांगतं काय करायचं. लक्षात एवढंच ठेवायचं की पॅड चिकटवले जात असताना छाती दाबणं चालू राहतं. मशिन ‘हात लावू नका’ म्हणेल तेव्हाच थांबायचं, शॉक दिल्यावर नाडी न बघता लगेच परत सुरू. आपल्या बसस्थानकावर, नगरपरिषदेत, तहसीलमध्ये किंवा नाट्यगृहात असं एक तरी मशिन आहे का, ते मी विचारत फिरतोय. उत्तरं आली की वेगळी पोस्ट टाकतो.

बसस्थानकावरचे हमाल, रिक्षावाले आणि मंडळांची पोरं, जी खरी सगळ्यात आधी तिथे पोचतात, ती या कोर्सला येत नाहीत. फी परवडत नाही आणि दिवसाची मजुरी बुडते. एक मॅनिकिन गावात कायमचा असला तर हा प्रश्न बराच सुटेल, कारण कार्ड दोन वर्षं टिकतं पण हात काही महिन्यांतच विसरायला लागतो. वर्गणीतून घ्यायची तयारी दोन मंडळांनी दाखवली आहे. डीजेच्या एका रात्रीच्या खर्चातून किती होईल, हा हिशेब मी त्यांच्यावरच सोपवलाय.

तोपर्यंत गोधडी आहे. दर रविवारी सकाळी साडेसातला आमच्या घराच्या गच्चीवर आम्ही चौघं जमतो, कुणालाही यायचं असेल तर या, फी वगैरे काही नाही. येताना गुडघ्याखाली घ्यायला पोतं किंवा चटई आणा, फरशीने गुडघे सोलतात. आणि हातातल्या अंगठ्या, कडं घरीच काढून ठेवा.